पहिल्या दिवसाचा आकडा आणि चॅनलची नेहमीची चढण

संध्याकाळी सातला व्हिडिओ टाकायचा, जेवणं उरकेपर्यंत चार वेळा स्टुडिओ उघडून बघायचा. ‘दहापैकी नववा’ दिसला की व्हिडिओ पडला म्हणून पुढच्या कामाला लागायचं. ‘दहापैकी पहिला’ दिसला की लगेच पाचशे-हजाराचा बूस्ट मारायचा. बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर या भागात शेती, बाजारभाव, कीर्तन किंवा गावाकडच्या घडामोडी यांवर यूट्यूब चॅनल चालवणाऱ्यांशी बोललं तर हा नियम कुणी ना कुणी सांगतोच. त्याच्या मागे एक समजूत आहे: पहिले चोवीस तास व्हिडिओचं नशीब ठरवतात, आणि चालणाऱ्यालाच ढकलावं.

ही समजूत उथळ आहे. पहिल्या दिवसाचा एकूण आकडा व्हिडिओबद्दल फार थोडं सांगतो. तो बहुतेक वेळा अपलोडची वेळ, जुने सबस्क्रायबर आणि त्या दिवशी जिल्ह्यात काय घडलं याबद्दलच सांगतो. त्यातून व्हिडिओपुरतं काही काढायचं असेल तर तो चॅनलच्या नेहमीच्या चढणीशी, त्याच तासाला, त्याच जातीच्या व्हिडिओंशी ताडून पाहावा लागतो. आणि तसं ताडून पाहिलं की प्रसिद्धीचे पैसे कुठे घालायचे याचं उत्तर पुष्कळदा नेमकं उलटं निघतं.

१. चढण म्हणजे काय, आणि ती कशी मोजायची

व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यापासून तासागणिक एकूण व्ह्यूज किती होत गेले, याची रेघ म्हणजे चढण. स्टुडिओत व्हिडिओच्या आलेखामागे करड्या रंगाचा पट्टा दिसतो, तो चॅनलच्या नेहमीच्या कामगिरीचा असतो. ‘दहापैकी कितवा’ हे कार्ड मात्र त्या पट्ट्याचा फक्त निकाल सांगतं, पट्टा सांगत नाही. दहा व्हिडिओंमध्ये चौथा आणि सातवा यांच्यात तीनशे व्ह्यूजचा फरक असेल तर तो क्रमांक म्हणजे निव्वळ योगायोग. पहिला आणि दुसरा यांच्यात चौपट फरक असेल तर ती बातमी. क्रमांकात हे दोन्ही सारखेच दिसतात.

त्यामुळे पट्टा स्वतः काढलेला बरा. एक मानीव उदाहरण घेऊ. चिखली तालुक्यातलं एक शेतीविषयक चॅनल, आठवड्याला दोन व्हिडिओ, दोन्ही संध्याकाळी सातला. त्याच्या मागच्या दहा मोठ्या व्हिडिओंचे चोवीस तासांचे व्ह्यूज चढत्या क्रमाने असे समजा: १,७००, १,९००, २,१००, २,२००, २,३००, २,५००, २,६००, २,९००, ३,४०० आणि ११,८००.

या दहांची सरासरी ३,३४० येते. दहापैकी आठ व्हिडिओ तिच्या खाली आहेत. म्हणजे सरासरी धरून बसणारा माणूस एकदा चाललेल्या एकाच व्हिडिओच्या सावलीत बाकी सगळ्यांना नापास करत राहणार. मधली किंमत धरली तर २,४०० येते, आणि मधले निम्मे व्हिडिओ २,१०० ते २,९०० मध्ये बसतात. हा खरा पट्टा. याच्या आत पडलेला व्हिडिओ ‘नेहमीसारखा’ आहे, मग कार्डावर तिसरा असो की आठवा.

हीच गोष्ट मधल्या तासांनाही करायची. समजा या चॅनलची मधली किंमत तिसऱ्या तासाला, म्हणजे रात्री दहाला, ८२० असते. बाराव्या तासाला, सकाळी सातला, १,३२०. अठराव्या तासाला, दुपारी एकला, १,९७०. आणि चोविसाव्याला २,४००. या चार खुणा वहीत लिहिल्या की पुरे. रात्री दहाला ७०० दिसले म्हणून जीव टांगणीला लागायचं कारण उरत नाही. तेवढा उतार-चढाव रोजचाच आहे.

२. पट्टा कुणाकुणाला लागू नाही

पट्टा काढणं सोपं. त्यात कुणाला बसवायचं हे अवघड. इथे तीन चुका नेहमी होतात.

पहिली, शॉर्ट्स आणि मोठे व्हिडिओ एकत्र करणं. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजण्याची रीत बदलली. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा लागला की व्ह्यू धरला जातो, किमान किती वेळ पाहिला हे त्यात येत नाही. मोठ्या व्हिडिओचा व्ह्यू आणि शॉर्टचा व्ह्यू ही आता एकाच मापाची नाणी राहिलेली नाहीत. त्या तारखेआधीचे आणि नंतरचे शॉर्ट्ससुद्धा एकमेकांशी ताडता येत नाहीत.

दुसरी, अपलोडची वेळ विसरणं. सकाळी सातला टाकलेल्या व्हिडिओचा तिसरा तास सकाळी दहाला येतो, तेव्हा माणूस शेतात किंवा दुकानात असतो. संध्याकाळी सातच्या व्हिडिओचा तिसरा तास रात्री दहाला येतो, तेव्हा फोन हातात असतो. दोघांचे चोवीस तास कसेबसे ताडता येतील. तिसरे तास मुळीच नाही. रब्बीत शेतीपंपांना रात्रीची वीज मिळण्याची पाळी असते, त्या आठवड्यात मध्यरात्रीही पाहणारे भेटतात. अशा आठवड्याची चढण एप्रिलच्या पट्ट्याशी जुळली नाही तर दोष व्हिडिओचा नसतो.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते: आधीच ढकललेले व्हिडिओ पट्ट्यात ठेवणं. ज्याला पैसे लावले त्याचे व्ह्यूज पुढच्या पट्ट्यात शिरले की पुढचा प्रत्येक साधा व्हिडिओ नापास दिसतो. मग त्यालाही पैसे लावले जातात. असं दोन-तीन महिने चाललं की चॅनलची स्वतःची चढण किती, हे चालवणाऱ्यालाच सांगता येत नाही.

याच कारणाने व्हॉट्सअॅप ग्रुपांचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. व्हिडिओ टाकल्याबरोबर तो चाळीस ग्रुपांवर फॉरवर्ड केला तर पहिल्या तीन तासांचा आकडा व्हिडिओचं मोजमाप राहत नाही, ग्रुपांचं मोजमाप होतो. एक तर दर वेळी त्याच ग्रुपांवर त्याच वेळी टाका, म्हणजे ते नेहमीच्या चढणीचाच भाग होईल. नाही तर चोवीस तास थांबा. एका व्हिडिओला चाळीस ग्रुप आणि दुसऱ्याला चार, हे चालणार नाही. मला स्वतःला थांबणं पसंत आहे, पण ते अंगवळणी पडायला अवघड, हेही खरं.

३. एक मोठा आणि एक लहान आकडा

आता त्याच मानीव चॅनलवर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन व्हिडिओ आले असं धरू.

पहिला भेंडवळच्या घटमांडणीचा. जळगाव जामोद तालुक्यात अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडून त्याभोवती अठरा धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी त्यांची स्थिती पाहून पाऊसपाण्याची, पिकांची भाकितं सांगतात. २०२५ मध्ये अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, म्हणजे भाकित १ मेच्या पहाटे. (भाकित खरं की खोटं हा वाद इथे घालत नाही, व्ह्यूजच्या दृष्टीने तो निरर्थक आहे, कारण लोक दोन्ही कारणांनी पाहतात.) चॅनलने सकाळी सातला व्हिडिओ टाकला. चोवीस तासांत ९,६०० व्ह्यूज. दहापैकी दुसरा.

दुसरा व्हिडिओ घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याचा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, आणि पाच-सहा दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर नेहमीचं एकरी ३० किलो, कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं. शीर्षक ठेवलं होतं ‘शेतकऱ्यांनो, पेरणीआधी हे नक्की करा’. थंबनेलवर बोट दाखवणारा माणूस आणि लाल बाण. चोवीस तासांत १,९०० व्ह्यूज. पट्ट्याच्या खाली. दहापैकी नववा.

रूढ नियम सांगतो: भेंडवळला बूस्ट, सोयाबीन सोडून द्या.

४. आकडा कोणत्या तासांत जमला

२००८ साली राइली क्रेन आणि दिदिए सोर्नेट यांनी यूट्यूबवरच्या लाखो व्हिडिओंच्या रोजच्या व्ह्यूजचा अभ्यास मांडला. बाहेरच्या धक्क्याने उसळलेल्या व्हिडिओचा आलेख एकदम टोकाला जातो आणि झपाट्याने खाली येतो. एकाने दुसऱ्याला सांगत पसरलेला हळू चढतो आणि हळू उतरतो, असं त्यांना दिसलं. टोकाची उंची सारखी असली तरी दोन्ही बाजूंचे उतार वेगळे. आपल्याला चोवीस तासांत पूर्ण उतार दिसत नाही, पण त्याची सुरुवात दिसते.

भेंडवळच्या व्हिडिओत सकाळी सात ते दहा या तीन तासांत ४,१०० व्ह्यूज आले. त्याच दिवशी संध्याकाळी सात ते दहा, म्हणजे जेव्हा या चॅनलचा प्रेक्षक सगळ्यात मोकळा असतो, तेव्हा फक्त ६००. नेहमीचा साधा व्हिडिओ या वेळेत ८२० घेतो. म्हणजे भर बाजाराच्या वेळी माल उठत नव्हता. भाकित तोपर्यंत प्रत्येक बातमीत, प्रत्येक ग्रुपवर आलेलं होतं. शेवटचे सहा तास इथे बघू नयेत, कारण ते रात्री एक ते सकाळी सात आहेत. त्यावरून कुणालाही नापास करता येईल.

सोयाबीनच्या व्हिडिओचे शेवटचे सहा तास मात्र दुपारी एक ते संध्याकाळी सात आहेत, आणि नेहमीच्या व्हिडिओंचेही तेच. नेहमी या तासांत २,४०० उणे १,९७०, म्हणजे ४३० येतात. सोयाबीनला ५२० आले. एकूण आकडा पट्ट्याखाली, पण शेवटचा टप्पा नेहमीपेक्षा वर. सर्चमधून आलेले व्ह्यूज सुमारे २१०, म्हणजे एकूणाच्या ११ टक्के. या चॅनलवर पहिल्या दिवशी ते एरवी ४ टक्क्यांच्या आसपास असतात. कुणीतरी शोधत येत होतं.

५. दार आणि घर वेगळं मोजा

हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश.

व्ह्यूज कमी पडण्याची दोन अगदी वेगळी कारणं असतात. यूट्यूबने व्हिडिओ दाखवलाच नाही, किंवा दाखवला पण लोकांनी दाबला नाही. स्टुडिओत पहिल्याचा आकडा इंप्रेशन्स, दुसऱ्याचा क्लिक-थ्रू रेट, म्हणजे सीटीआर. यूट्यूबच्याच माहितीप्रमाणे निम्म्या चॅनलांचा सीटीआर २ ते १० टक्के असतो. इतक्या रुंद मापाचा उपयोग शून्य. ताडायचं ते स्वतःच्याच चॅनलशी.

आपल्या चॅनलला पहिल्या दिवशी साधारण २४,००० इंप्रेशन्स मिळतात आणि सीटीआर ५.२ टक्के असतो असं धरू. सोयाबीनला मिळाली २६,००० इंप्रेशन्स. म्हणजे दाखवण्यात कमतरता नाही. पण सीटीआर ३.१ टक्के. याच इंप्रेशन्सवर नेहमीचा ५.२ टक्के मिळाला असता तर सुमारे ५४६ व्ह्यूज जास्त आले असते, आणि एकूण आकडा २,४४६ झाला असता. अगदी पट्ट्याच्या मधोमध. तूट पूर्णपणे दारावरची आहे.

मग आत काय चाललं आहे? सरासरी पाहण्याचा वेळ नेहमी ३ मिनिटं १० सेकंद. सोयाबीनचा ४ मिनिटं २५ सेकंद. भेंडवळचा १ मिनिट ५० सेकंद. इथे बरेच जण ‘आतला माल उत्तम, द्या ढकलून’ म्हणतील. थांबा. ज्या व्हिडिओवर कमी लोक क्लिक करतात, त्यावर क्लिक करणारे जास्त गरजू असतात. ते जास्त वेळ पाहणारच. लांब पाहण्याचा काही भाग हा व्हिडिओचा गुण नसून गाळणीचा परिणाम असतो.

यातून बाहेर पडायला दोन्ही आकडे गुणून बघायचे: दर हजार इंप्रेशन्समागे किती मिनिटं पाहिली गेली. नेहमीच्या व्हिडिओला हजारात ५२ क्लिक, प्रत्येकी ३ मिनिटं १० सेकंद, म्हणजे सुमारे १६५ मिनिटं. सोयाबीनला ३१ क्लिक, ४ मिनिटं २५ सेकंद, म्हणजे १३७. भेंडवळचा सीटीआर ९ टक्के धरू: ९० क्लिक, १ मिनिट ५० सेकंद, पुन्हा १६५. हिशोब ढोबळ आहे, कारण पाहण्याच्या वेळेत व्हॉट्सअॅपवरून आलेलेही मिसळलेले असतात. पण दिशा कळते. दहापैकी दुसरा आलेला व्हिडिओ दाखवलेल्या प्रत्येक हजारामागे अगदी साध्या व्हिडिओइतकंच देत होता. आणि नववा आलेला, आज जसा आहे तसा, त्याहूनही कमी.

म्हणजे निकाल असा: आज दोघांपैकी एकालाही पैसे लावू नयेत.

६. चोवीस तासांनंतर करायचं ते

भेंडवळचा व्हिडिओ सोडून द्यायचा. त्याला जे मिळायचं ते मिळालं. गूगलच्या जाहिरातींची तपासणी बहुधा एका कामकाजाच्या दिवसात होते, पण तेवढाही वेळ या व्हिडिओजवळ नाही. जाहिरात सुरू होईल तेव्हा भाकित शिळं झालेलं असेल. फार तर त्याच्या शेवटच्या पडद्यावर आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये सोयाबीनच्या व्हिडिओची लिंक द्यावी, आलेले नवे प्रेक्षक वळवायला. ही प्रसिद्धी फुकटची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी.

सोयाबीनचं शीर्षक आणि थंबनेल बदलायचं. ‘शेतकऱ्यांनो, पेरणीआधी हे नक्की करा’ या शीर्षकात सोयाबीन हा शब्दच नाही. शोधणाऱ्याला ते सापडणार कसं? ‘घरचं सोयाबीन उगवेल का? १०० दाण्यांची चाचणी’ असं काही करावं, आणि बोटाऐवजी गोणपाटाची उघडलेली गुंडाळी, त्यात काही मोड आलेले आणि काही मेलेले दाणे, जवळून दाखवावेत. यूट्यूबवर आता तीन थंबनेलची आपापसात चाचणी लावता येते आणि निवड पाहण्याच्या वेळेच्या वाट्यावर होते, नुसत्या क्लिकवर नाही. पण या आकाराच्या चॅनलला तिचा निकाल यायला दोन आठवडेही लागू शकतात आणि ‘फरक दिसत नाही’ असंही उत्तर येऊ शकतं. उघड चूक असेल तर चाचणीची वाट न पाहता ती दुरुस्त करावी.

बदलल्यानंतर पुढच्या पाच-दहा हजार इंप्रेशन्सचे आकडे वेगळे काढायचे. हजाराच्या आत घाई करू नये: हजारात ५० क्लिक अपेक्षित असतील तर नुसत्या योगायोगाने ३६ पासून ६४ पर्यंत काहीही येऊ शकतं. समजा सीटीआर ४.५ झाला आणि सरासरी वेळ ४ मिनिटांवर टिकला. हजारामागे ४५ गुणिले ४, म्हणजे १८० मिनिटं. नेहमीच्या १६५ च्या वर. आता गाळणीचा आक्षेप बराच गळून पडला, कारण दार रुंद होऊनही लोक आत थांबत आहेत. वेळ घसरून ३ मिनिटांवर आला असता तर १३५ मिनिटं झाली असती, आणि मग समजायचं की व्हिडिओ फक्त गरजूंपुरता आहे. तो सर्चवर सोडावा.

१८० वर पैसे लावायला हरकत नाही. पण कधी? बुलढाण्यात सोयाबीनची पेरणी मृगाच्या पुरेशा पावसानंतर, साधारण जूनच्या मध्यापासून होते. चाचणीला पाच-सहा दिवस लागतात, बियाणं कमी पडलं तर आणायलाही वेळ हवा. म्हणजे हा व्हिडिओ ज्याला हवा त्याला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात हवा आहे, व्हिडिओ टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. पाचशे रुपये तेव्हा लावावेत, गूगल अॅड्समधून जिल्हा आणि शेजारचे अकोला, वाशीम, जालना निवडून. संपूर्ण देशावर सोडलेली जाहिरात स्वस्त व्ह्यूज आणते, आणि त्यातले किती सोयाबीन पेरणारे, मराठी समजणारे, हे कुणी विचारत नाही.

७. आक्षेप: ‘अल्गोरिदम पहिल्या तासातच ठरवतो’

हे मत इतकं पसरलेलं आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१० साली गॅबर साबो आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी डिग या तेव्हाच्या बातम्या सुचवणाऱ्या साइटची आणि यूट्यूबची तुलना केली. डिगवरच्या बातमीचे पहिले दोन तास पाहून महिन्याभराची लोकप्रियता जितक्या अचूकपणे सांगता येई, तितकी अचूकता यूट्यूबवर यायला दहा दिवस थांबावं लागे. कारण साधं: बातमी शिळी होते, यूट्यूबवरचा व्हिडिओ शोधून आणि शेजारच्या व्हिडिओवरून पुन्हा पुन्हा सापडत राहतो. तेव्हाचं यूट्यूब आणि आजचं यूट्यूब वेगळं आहे. २०१२ मध्ये क्लिकऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व आलं, नंतर होमपेजच्या शिफारशी वाढल्या. त्यामुळे ‘दहा दिवस’ हा आकडा आज जसाच्या तसा घेऊ नये. पण दोन जातींच्या मजकुराचा फरक तसाच आहे, आणि तो एकाच चॅनलच्या आत असतो. भेंडवळ ही डिगची जात. गोणपाटाची चाचणी ही यूट्यूबची.

याहून टोकाचं उदाहरण जिल्ह्यातलंच आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचं कारण निघालं. लोणारवर २०१८ मध्ये केलेल्या एखाद्या चांगल्या व्हिडिओच्या पहिल्या चोवीस तासांत ही मागणी दिसणं शक्यच नव्हतं. अशा व्हिडिओला ‘पडलेला’ म्हणून खासगी करून टाकणारे लोक असतात.

या आक्षेपात एक खरा कणही आहे. शिळं होणाऱ्या विषयाला पहिले तास हेच सगळं आयुष्य असतं. मोंढ्यातला आजचा सोयाबीनचा भाव परवा कुणी पाहत नाही. पण मग तिथे चोवीस तास थांबून पैसे लावणं तर आणखीच निरुपयोगी. त्या व्हिडिओंना जे करायचं ते तिसऱ्या तासाच्या खुणेवर आणि फुकटच्या मार्गांनी करावं: कम्युनिटी पोस्ट, ठरलेले ग्रुप, एक शॉर्ट.

८. आक्षेप: ‘पैसे लावले की पुढे आपोआप चालतो’

कधी चालतो. पण ते जाहिरातीने चालला की जाहिरात नसतानाही चालला असता, हे कळायला रस्ता एकच: जाहिरातीआधीची चढण माहीत असणं. शिवाय जाहिरातींची कमाई सुरू होण्यासाठी जे वर्षभरात ४,००० तास लागतात त्यात जाहिरातीतून मिळालेले तास धरले जात नाहीत. पात्रतेच्या उंबरठ्यावर असलेले कित्येक जण नेमके तेवढ्यासाठीच बूस्ट मारतात आणि तास वाढत नाहीत म्हणून यूट्यूबला दोष देतात.

पैसे लावल्यानंतर बघायचं ते एवढंच: स्टुडिओत प्रेक्षक टिकण्याचा आलेख ऑरगॅनिक आणि पेड असा वेगवेगळा पाहता येतो. पेडची रेघ पहिल्या तीस सेकंदांत ऑरगॅनिकच्या कितीतरी खाली गेली तर प्रेक्षक चुकीचा आहे. ठिकाण आणि भाषा बदलावी किंवा जाहिरात बंद करावी. दोन्ही रेघा जवळजवळ चालल्या तर उरलेले पैसे लावायला हरकत नाही.

९. आक्षेप: ‘एवढं कोण करणार, आमचे दहा व्हिडिओही नाहीत’

ज्यांचे दहा सारखे व्हिडिओ नाहीत त्यांच्याजवळ चढण नाही, म्हणून त्यांनी पहिल्या दिवसावरून प्रसिद्धीचा निर्णयच घेऊ नये. सहा व्हिडिओंची मधली किंमत काढता येते, पण पट्टा इतका रुंद निघतो की जवळपास सगळेच ‘नेहमीसारखे’ ठरतात. ते उत्तर बरोबरच आहे.

बाकीच्यांना लागतो तो वेळ वहीतल्या एका ओळीचा. तारीख, अपलोडची वेळ, विषय शिळा होणारा की टिकणारा, मग तिसरा, बारावा, अठरावा आणि चोविसावा तास, इंप्रेशन्स, सीटीआर, सरासरी वेळ. शेवटच्या रकान्यात ‘ढकलला’ किंवा ‘नाही’. चोविसाव्या तासाचे आकडे दोन दिवसांनी पुन्हा एकदा तपासून लिहावेत, कारण ताजे आकडे अंदाजी असतात आणि नंतर थोडे बदलतात. २०१५ पर्यंत तर खरेखोटे व्ह्यूज तपासेपर्यंत यूट्यूब आकडा ३०१ वरच अडवून ठेवत असे. ‘ढकलला’ लिहिलेली ओळ पुढच्या पट्ट्यात धरायची नाही. जूनच्या पेरणीचे व्हिडिओ जानेवारीच्या पट्ट्यात बसवायचे नाहीत. वर्ष झालं की मागच्या जूनच्या ओळी असतातच, आणि गोणपाटाच्या व्हिडिओची दुसऱ्या मे महिन्यातली चढण पहिल्याहून उंच निघाली तर जुनाच व्हिडिओ पुन्हा ढकलावा, त्याच विषयावर नवा करत बसू नये.